बाण ओढायच्या आधी: तक्त्यावरून नेटवर्क काढायची तयारी

कामांच्या तक्त्यावरून नेटवर्क आकृती काढा, असा प्रश्न समोर आला की पेन्सिल आधी खाली ठेवा आणि तक्त्यातल्या ‘आधीची कामं’ या रकान्यावर बोट ठेवा. बेळगावात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हा विषय शिकवतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणारी ही मुलं घरी मराठी बोलतात, पेपर इंग्रजीत लिहितात. बहुतेकांची चूक भाषेत होत नाही, ती या एका रकान्यात होते. आकृती चुकते ती बाण ओढताना नव्हे, रकाना वाचताना.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. खानापूरकडे पावसाळ्याआधी घराला जांभ्याची एक खोली जोडायची आहे. अ म्हणजे पाया खोदणे, ४ दिवस. ब म्हणजे चिरे आणणे, ६ दिवस. या दोघांच्या आधी काही नाही. क म्हणजे खोदलेली माती परड्यात पसरणे, २ दिवस, अ झाल्यावर. ड म्हणजे पाया जोत्यापर्यंत बांधणे, ५ दिवस, अ आणि ब दोन्ही झाल्यावर. मग इ, भिंती, ८ दिवस आणि फ, जोत्यात मुरूम भरून धुमसणे, ३ दिवस. दोन्ही ड नंतर. शेवटी ग, कोबा, ३ दिवस, इ आणि फ नंतर.

पहिली तयारी म्हणजे प्रश्नात कोणती आकृती मागितली आहे ते पाहून त्याखाली रेघ मारणे. नोडवर काम मागितलं असेल तर प्रत्येक कामाला एक चौकट असते आणि बाण फक्त ‘याच्यानंतर हे’ एवढंच सांगतो. बाणावर काम मागितलं असेल तर काम म्हणजेच बाण, आणि वर्तुळ म्हणजे घटना, इव्हेंट: इथे येणारी सगळी कामं संपली, आता इथून निघणारी सुरू होऊ शकतात. हा फरक पक्का डोक्यात नसला की मुलं बाणावर अक्षर लिहितात आणि वर्तुळातही लिहितात, मग ती आकृती दोन्हींपैकी कुठलीच राहत नाही.

नोडची आकृती आधी काढून पाहा, मागितली नसली तरी कच्च्या पानावर. तिला डमी, म्हणजे काम नसलेला, फक्त क्रम दाखवणारा तुटक बाण, लागत नाही. अ आणि ब अशी दोन कामं सुरुवातीला आहेत, म्हणून शून्य दिवसांची ‘सुरुवात’ चौकट घ्या. क आणि ग यांच्यानंतर काही नाही, म्हणून ‘शेवट’ चौकट घ्या. आता मोजा. आधीच्या कामांच्या रकान्यात एकूण अक्षरं किती? क चं १, ड ची २, इ चं १, फ चं १, ग ची २, म्हणजे ७. तेवढेच बाण कामांमध्ये हवेत. सुरुवातीचे २ आणि शेवटचे २ धरून ११. आकडा जुळला नाही तर काहीतरी सुटलं आहे किंवा जादा ओढलं आहे. रकान्यात एखादं फालतू अक्षर असू शकतं, हेही पाहा. ग च्या आधी ‘ड, इ, फ’ असं दिलं असतं, तर इ आणि फ आधीच ड ची वाट पाहतात, म्हणून ड खोडता येतो. खोडल्यावर मोजणीही त्याप्रमाणे कमी करा.

आता बाणाची आकृती. इथे रकान्यातले गट एकमेकांशी ताडून पाहायचे. क चा गट आहे ‘अ’, ड चा गट आहे ‘अ, ब’. अ दोन्हींत आहे, पण गट सारखे नाहीत. असं दिसलं की तिथे डमी लागणार, हे तक्त्यावरच खूण करून ठेवा. अ चा बाण १ पासून २ पर्यंत, ब चा १ पासून ३ पर्यंत. क हा २ पासून निघेल, ड हा ३ पासून. ड ला अ चीही वाट पाहायची आहे, म्हणून २ पासून ३ कडे तुटक रेघेचा बाण, शून्य दिवसांचा. तो नेहमी लहान गटाकडून मोठ्या गटाकडे जातो: ‘अ’ कडून ‘अ, ब’ कडे. फक्त ब वर अवलंबून असलेलं आणखी एखादं काम असतं, तर ‘अ, ब’ साठी वेगळी घटना लागली असती आणि तिच्याकडे दोन डमी आल्या असत्या.

दुसरी डमी वेगळ्या कारणाची. इ आणि फ दोघं ड नंतर सुरू होतात आणि दोघांनंतर ग. सरळ काढले तर दोन्ही बाण त्याच दोन वर्तुळांमध्ये येतील आणि ‘४–५’ म्हटल्यावर भिंत की मुरूम ते कळणार नाही. म्हणून ड हा ३ पासून ४ पर्यंत, फ हा ४ पासून ५, इ हा ४ पासून ६, आणि ५ पासून ६ कडे डमी. ग हा ६ पासून ७. राहिला क. तो हवेत लटकत सोडणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. त्याच्यानंतर काही नाही, म्हणून त्याचा बाण २ पासून थेट ७ ला नेऊन मिळवा. शेवटची घटना एकच असते. वर्तुळांचे आकडेही शेवटीच घाला, प्रत्येक बाणाच्या शेपटीकडे लहान आणि टोकाकडे मोठा आकडा येईल असे.

पुढे जाऊन वेळ काढली तर ब, ड, इ, ग या सगळ्यात लांब वाटेने ६, ५, ८, ३ असे २२ दिवस होतात. इथे थांबून ऐका, कारण ‘सर, उत्तर बरोबर आहे’ असं म्हणत मुलं इथेच फसतात. समजा कोणी अ आणि ब एकाच वर्तुळात संपवले आणि तिथूनच क आणि ड काढले. उत्तर तरी २२ च येतं. पण आता चिरे आल्याशिवाय माती पसरता येत नाही असं आकृती सांगते, आणि क चौथ्या दिवसाअखेरीऐवजी सहाव्या दिवसाअखेरीनंतर सुरू होतो. त्याची सवड, म्हणजे एकूण दिवस न वाढवता तो जितके दिवस पुढे ढकलता येतो ती, १६ वरून १४ वर येते. समजा कोणी डमी उलटी, ब कडून अ कडे ओढली. मग पाया न खोदता पाया बांधायला घेता येतो, तरी उत्तर २२ च, कारण इथे ब आपोआप अ पेक्षा लांब आहे. चिरे २ दिवसांत आले असते तर खरं उत्तर २० झालं असतं आणि उलट्या डमीच्या आकृतीने १८ सांगितलं असतं. कागदावरचे हे दोन दिवस जागेवर गवंड्याला मिळत नाहीत, खणायला चार दिवस लागतातच.

म्हणून एकूण दिवसांवरून आकृती तपासू नका. तक्ता झाका आणि आकृतीवरून तो परत लिहा. प्रत्येक कामाच्या शेपटीच्या वर्तुळाकडे पाहा, तिथे कोणते बाण येतात ते लिहा, आणि तुटक बाण आला तर त्याच्या मागे जाऊन तिथे येणारी कामंही लिहा. ड साठी ३ वर येतो ब, आणि डमीच्या मागे २ वर अ. ‘अ, ब’, बरोबर. क साठी २ वर फक्त अ. ग साठी ६ वर इ, आणि डमीच्या मागे ५ वर फ. सातही ओळी अशा लिहून झाल्या की तक्ता उघडा आणि ताडून पाहा.

ही तपासणी परीक्षेत तीन-चार मिनिटांची आहे, तेवढी वेळात धरून ठेवा. सोबत पट्टी, रबर आणि टोकदार पेन्सिल असू द्या. डमीची रेघ इतकी स्पष्ट तुटक काढा की पेपर तपासणाऱ्याला ती सलग वाटू नये, आणि क चा लांब बाण दुसऱ्या बाणांना न छेदता आकृतीच्या वरून न्या.