पडदा शांत, टाकी भरतेय: रात्रपाळीत या चुका टाळा

निपाणी भागातली, वेदगंगेच्या जॅकवेलवरून पाणी उचलणारी एक योजना डोळ्यापुढे आणा. डोंगरावरच्या टाकीचं क्षेत्रफळ 100 चौरस मीटर आहे आणि पंप तासाला 60 घनमीटर पाणी चढवतो. वितरणाचा व्हॉल्व्ह रात्री बंद असतो, म्हणजे पातळी तासाला 60 सेंटिमीटर चढायलाच हवी. 4.50 मीटरला पंप आपोआप बंद होतो आणि 4.70 मीटरला टाकी ओसंडते.

रात्रीचे 2:20 झालेत. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा नाही. पातळी 3.42 मीटर, सगळं हिरवं. ऑपरेटर चहाचा पेला ठेवतो आणि त्याची नजर आलेखावर जाते. 12:50 पासून रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे. पंपाचे अँपिअर मात्र हलतायत, कारण ते दुसऱ्या पॅनेलवरून येतात. पंप चालू आणि पाणी चढत नाही, हे होणार कसं? दीड तासात 90 सेंटिमीटर वाढायला हवेत, म्हणजे खरी पातळी 4.32 च्या आसपास असणार. ओसंडायला 38 मिनिटं उरलीत, आणि पंप बंद करणारा कंट्रोलर हाच गोठलेला आकडा वाचतोय.

पहिली चूक इथेच होते: माणूस संगणकाच्या मागे लागतो. डॅशबोर्ड रिफ्रेश करतो, मग टाकीवरचं रीडिंग नेटवर्कवर पाठवणारा गेटवे रीस्टार्ट करतो. आधी टाकीवरच्या वॉचमनला फोन लावा.

"मामा, पट्टीवर आकडा किती हाय बघा की."

"चार तीस. वर चढायलंय बघ."

एवढं कळलं की पंप मॅन्युअलवर घेऊन बंद करा. बाकीचा शोध सावकाश झाला तरी चालतो.

दुसरी चूक म्हणजे पिंगवर विश्वास. गेटवे पिंगला उत्तर देतो याचा अर्थ त्याचं नेटवर्क जिवंत आहे, एवढाच. रीडिंग येतंय का, हे गेटवेचे संदेश घेऊन पुढे वाटणाऱ्या ब्रोकरला विचारा:

```
mosquitto_sub -h localhost -t tank/3/level -v -R -W 180
```

यातला `-R` महत्त्वाचा. ब्रोकर शेवटचा जपून ठेवलेला, म्हणजे रिटेन्ड संदेश, जोडल्या जोडल्या हातात देतो. `-R` नसेल तर तो जुना आकडा बघून फीड चालू असल्याचा भास होतो. दर मिनिटाला येणारं रीडिंग 180 सेकंदांत एकदाही आलं नाही, तर फीड अडकलंय.

मग सेन्सर बिघडला की मधलं काही? टाकीवरच्या पॅनेलमध्ये 4-20 मिलिअँपिअरच्या लूपवर मीटर लावा. सेन्सरची रेंज 0 ते 5 मीटर असेल, तर 3.42 ला सुमारे 14.9 आणि 4.32 ला सुमारे 17.8 मिलिअँपिअर दिसायला हवेत. मीटरने 17.8 दाखवले तर सेन्सर शहाणा आहे, त्याला विनाकारण बदलू नका. 0 दाखवलं तर लूपची वायर तुटली आहे किंवा त्याचा वीजपुरवठा गेलाय.

या प्रकरणात मीटरवर 17.8 आले. दोष पुढे निघाला: लूपचा करंट वाचणाऱ्या मॉड्यूलपासून गेटवेपर्यंतच्या आरएस-485 जोडणीतला एक स्क्रू सैल झाला होता. वायर सुटली आणि वाचणारा प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसला, कारण सिरीयल पोर्ट `timeout=None` ने उघडला होता. त्याचा अर्थ, अनंतकाळ थांब. तिथे 1 सेकंद द्या, तीन प्रयत्न फसले की "रीडिंग नाही" असा स्पष्ट संदेश पाठवा. गेटवे रीस्टार्ट करण्याआधी लॉग कॉपी करून ठेवा. बऱ्याच गेटवेंवर लॉग रॅममध्ये असतो आणि रीस्टार्टबरोबर पुरावाही जातो.

पण खरा गुन्हेगार डॅशबोर्डच्या क्वेरीत बसलेला होता. कुणीतरी आलेखातल्या फटी दिसायला वाईट म्हणून `fill(previous)` लिहिलं होतं:

```
SELECT last("level") FROM "tank3" WHERE time > now() - 6h
GROUP BY time(1m) fill(previous)
```

त्यामुळे डेटा थांबला तरी मागचाच आकडा पुढे ओढला जातो. याच क्वेरीवर बांधलेला अलार्म 3.42 ला मर्यादेत समजून गप्प राहतो. `fill(null)` ठेवा. फट दिसू द्या, ती दिसायलाच हवी.

अलार्म आकड्यावर लावतो तसा आकड्याच्या वयावरही लावा: रीडिंग दर मिनिटाचं असेल, तर तीन मिनिटं शिळं होताच वाजावा. वय मोजताना वेळ सेन्सर वाचला त्या क्षणाची घ्या, सर्व्हरवर पोचल्याची नको. काही गेटवे जुनाच आकडा नव्या वेळेचा शिक्का मारून पाठवत राहतात. कंट्रोलरलाही हेच वय दाखवा, म्हणजे रीडिंग शिळं झालं की तो पंप थांबवेल. शिवाय ओसंडण्याच्या पातळीखाली फ्लोट स्विच बसवा आणि त्याची वायर थेट पंपाच्या स्टार्टरला जाऊ द्या, नेटवर्कशी संबंध नको.

महिन्यातून एकदा, दिवसा, पंप बंद असताना, आरएस-485 ची वायर मुद्दाम काढा आणि घड्याळ लावा. तीन-चार मिनिटांत रात्रपाळीचा फोन वाजला नाही, तर वायर परत जोडायच्या आधी अलार्म दुरुस्त करा.