पॅनल इंटरव्ह्यूमधला तो गप्प बसलेला माणूस, आणि माझी ओओएसची फजिती

एमएस्सी केमिस्ट्री झाल्यावर पीथमपूरच्या एका फार्मा कंपनीत क्यूसीच्या, म्हणजे औषधांची तपासणी करणाऱ्या लॅबमधल्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू होता, तेव्हा मला दीड वर्षाचा अनुभव होता, इंदूरच्याच एका छोट्या लॅबमधला. रामबागेतून सकाळी पोहे न खाता निघाले (आईने डब्यात दिले होते, ते बसमध्येच राहिले) आणि आत गेले तर टेबलापलीकडे चौघं. एचआरच्या मॅडम, क्यूसी मॅनेजर, त्यांच्या हाताखालचे एक सेक्शन हेड आणि कोपऱ्यात खिडकीजवळ हाफ शर्टातले एक सर, ज्यांची ओळखच कोणी करून दिली नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं ऑफिसातलेच कोणीतरी असतील, कागदं सांभाळायला बसलेत.

पहिली पंधरा मिनिटं मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळी उत्तरं क्यूसी मॅनेजरांना. मग लक्षात आलं की ते माझ्या रेझ्युमेच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहितायत, आणि तेही मी बोलत असताना नाही, माझं बोलून झाल्यावर. तिथून माझं ध्यान सुटलं. पेन्सिल हलली की मी मनात हिशोब करायची, आता काय चुकलं?

त्यात मॅनेजरांनी क्यूसीवाल्यांचा ठरलेला प्रश्न विचारला, टॅब्लेटचा असे, म्हणजे त्यातल्या औषधाचं प्रमाण, ९५ ते १०५ टक्के असायला हवा, एचपीएलसी मशीनवर तुमचा ९३.८ आला, म्हणजे ओओएस, लिमिटबाहेरचा रिझल्ट, काय कराल? उत्तर येत होतं. सिस्टिम सुटॅबिलिटी बघेन, वजन, डायल्यूशन, स्टँडर्ड तपासेन, इन्चार्जला सांगेन. म्हणाले आणि थांबले. सगळे गप्प. खिडकीजवळच्या सरांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले. ती शांतता दोन-तीन सेकंदांचीच असेल पण मला सहन झाली नाही, आणि मी त्यांच्याकडे बघून आपलं जोडून दिलं, "वैसे सर, पहले तो दोबारा इंजेक्ट करके देख लेते हैं, कई बार ठीक आ जाता है."

कोणी विचारलं नव्हतं हो!

वीस मिनिटांनी, सगळं संपत आल्यावर सर पहिल्यांदा बोलले, अगदी हळू आवाजात. "आपने कहा दोबारा इंजेक्ट करते हैं. इन्चार्ज को बताने से पहले या बाद में?" मी गडबडले, "पहले... मतलब बाद में सर", आणि तेसुद्धा मॅनेजरांकडे बघून, जणू तेच मला वाचवणार होते. झालं. आठवड्याने नकाराचा मेल.

प्रभाकर मामा फार्मात क्यूएमधून, म्हणजे सगळं काम नियमाने होतंय ना ते बघणाऱ्या विभागातून रिटायर झालेत. त्यांना सगळं सांगितलं तर आधी हसले आणि मग म्हणाले, "अगं, तो क्यूएचा माणूस असणार. क्यूसीच्या भरतीत आम्हाला बसवतात ते केमिस्ट्री विचारायला नाही, माणूस आकडा सोयीचा करून घेणारा आहे का ते बघायला." रिझल्ट लिमिटबाहेर गेला की तो आधी नोंदवायचा, सोल्यूशन आणि व्हायल फेकायची नाही, इन्चार्जला कळवायचं आणि मग तपास. त्याच व्हायलमधून पुन्हा इंजेक्ट करता येतं पण ते तपासाचा भाग म्हणून, कारण लिहून, परवानगीने. लॅबची चूक सापडली नाही तर पहिला आकडा उडवता येत नाही, मग प्रॉडक्शनकडे तपास जातो. गुपचूप इंजेक्ट करून बरा आलेला आकडा ठेवायचा, ही तर ऑडिटमध्ये हमखास पकडली जाणारी गोष्ट, सॉफ्टवेअरच्या ऑडिट ट्रेलमध्ये ते इंजेक्शन वेळेसकट दिसतं. म्हणजे मी एका वाक्यात स्वतःच्या लॅबची वाईट सवय क्यूएला नेऊन दिली होती आणि तीही न विचारता.

पुढच्या इंटरव्ह्यूआधी मामांनी घरीच पॅनल बसवलं. मामी प्रश्न विचारणार, दादा मध्येच टोकणार आणि मामा गप्प, हातात पेन. पहिल्या दिवशी मी दर उत्तरानंतर मामांच्या तोंडाकडे बघायची. ते म्हणाले, चेहरा वाचायचाच नाही, पेन तर नाहीच नाही, मी तर किराण्याची यादी लिहीत होतो.

नजरेचं त्यांनी सोपं करून दिलं. ज्याने विचारलं त्याच्याकडे बघून सुरुवात, उत्तर लांब असेल तर मधलं एखादं पूर्ण वाक्य गप्प माणसाकडे बघून, आणि शेवट परत विचारणाऱ्याकडे. एक वाक्य म्हणजे एकच वाक्य, पंख्यासारखी मान फिरवायची नाही. छोटं उत्तर असेल, म्हणजे कुठला कॉलम वापरता वगैरे, तर फक्त विचारणाऱ्यालाच.

जास्त मेहनत लागली ती थांबायला. उत्तराचं शेवटचं वाक्य आधीच मनात ठरवायचं, ते बोललं की तोंड बंद. समोरची शांतता त्यांची असते, ते लिहीत असतात किंवा पुढचा प्रश्न शोधत असतात. फारच लांबली तर "इसमें कुछ और बताऊँ सर?" एवढंच विचारायचं, पण उत्तराला शेपूट लावायचं नाही. मला हे जमायला चार दिवस लागले. मामी मुद्दाम चहाचा घोट घेत बसायची आणि मी काहीतरी बडबडायचेच.

आणि गप्प माणूस शेवटी बोललाच तर तो बहुतेक नवा प्रश्न विचारत नाही, तुमचंच जुनं वाक्य उचलतो. मामांनी तेच केलं. सुरुवातीला मी म्हणाले होते की स्टँडर्डची सहा इंजेक्शन देते, नंतर बोलताना पाच म्हणाले. वीस मिनिटांनी मामा, "पाँच या छह?" आता इथे दोन्ही बरोबर ठरवायला जाऊ नये. मी म्हणाले, "सर, मैंने दोनों बोल दिए. हमारे मेथड में पाँच हैं, छह गलत कहा." मामांनी मान डोलावली, विषय संपला. ओओएसच्या वेळी मी असंच म्हणायला हवं होतं, की आधीच्या लॅबमध्ये असं होताना बघितलंय, ते चूक आहे, बरोबर पद्धत ही. तेही त्यांच्याकडे बघून, कारण प्रश्न त्यांचा होता.

ओळख करून दिली नाही तर बसल्या बसल्या एचआरला विचारून घ्या, "मॅम, सबका परिचय मिल जाए तो अच्छा रहेगा", यात काही आगाऊपणा नाही. अर्ध्या इंटरव्ह्यूत विचारू नका मात्र, तेव्हा ते विचित्रच दिसतं.

दुसरा इंटरव्ह्यू तिकडेच, दुसऱ्या कंपनीत, तिघं बोलणारे आणि एक मुलगी गप्प, वही घेऊन. ओळखीत फक्त "ये हमारे साथ हैं" एवढंच. मी सगळं मामांच्या शिस्तीत केलं, ओओएस आलाच, नोंद आणि इन्चार्ज आधी सांगितलं, मधलं एक वाक्य तिच्याकडे बघून, शेवट मॅनेजरांकडे, आणि गप्प बसले. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी येऊन दोन दिवस विचार, क्यूए असेल का, इतकी लहान कशी?

जॉइन झाल्यावर कँटीनमध्ये भेटली. एचआरची ट्रेनी, त्या दिवशी तिसराच दिवस होता तिचा. म्हणे, "मुझे तो बस टाइम नोट करना था, और आप बीच-बीच में मेरी तरफ देखके केमिस्ट्री बोलती थीं तो मैं डर जाती थी कि कुछ पूछना पड़ेगा क्या."