१०,००० ची एसआयपी, २० वर्षे, १२ टक्के: ९२ लाख की एक कोटी?

ऐरोलीत राहणारे कुणी दर महिन्याच्या ५ तारखेला म्युच्युअल फंडात १०,००० रुपये टाकते असे धरू. २० वर्षांत २४० हप्ते, म्हणजे खिशातून गेले २४ लाख. वर्षाला १२ टक्के परतावा गृहीत धरला तर ऑनलाइन कॅल्क्युलेटर अनेकदा ९९.९१ लाख दाखवतात. हा आकडा फुगवलेला असतो.

गडबड मासिक दरात आहे. कॅल्क्युलेटर १२ ला १२ ने भागून महिन्याला १ टक्का धरतो. पण महिन्याला १ टक्का चक्रवाढीने वाढत गेला की वर्षाचे १२.६८ टक्के होतात. फंडाचा वार्षिक परतावा मात्र चक्रवाढ धरूनच सांगितलेला असतो. म्हणून १.१२ चे बारावे मूळ काढून त्यातून १ वजा करायचा. मासिक दर येतो ०.९४९ टक्के.

एक्सेल किंवा गुगल शीटच्या कोणत्याही रिकाम्या चौकटीत हे टाका:

```
=FV(1.12^(1/12)-1, 240, -10000, 0, 1)
```

उत्तर सुमारे ९१.९९ लाख. म्हणजे जवळपास आठ लाखांचा फरक निव्वळ भागाकारामुळे पडला होता. हप्त्याआधीचे उणे चिन्ह विसरलात तर उत्तर उणे येते. शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला. तिथे 0 लिहिले तर सुमारे ८६ हजार कमी दिसतात. सूत्र बरोबर बसले का हे पाहायचे असेल तर 1.12 च्या जागी 1 टाका. नेमके २४,००,००० यायला हवेत.

आता महागाई. ती वर्षाला ६ टक्के धरली तर मिळालेल्या रकमेला 1.06^20, म्हणजे ३.२०७ ने भागायचे. ९२ लाखांची आजच्या भावातली किंमत उरते जेमतेम २८.७ लाख. घरखर्च आज महिना ४०,००० असेल, तर तोच तेव्हा १ लाख २८ हजार झालेला असेल. निवृत्तीचा हिशेब या आकड्यांवर करा, ९२ लाखांवर नको.

खरी अडचण पुढेच आहे. सूत्र दरवर्षी न चुकता १२ टक्के देते, बाजार तसा चालत नाही. १९ वर्षे १२ टक्के मिळाले तर सुमारे ८१ लाख जमतात. विसाव्या वर्षी बाजार ३० टक्के पडला, तर शेवटी हातात उरतात साधारण ५८ लाख. पहिल्या वर्षीच्या अशाच पडझडीने एवढे बिघडत नाही, कारण तेव्हा पडायला फारसे पैसेच नसतात.

म्हणून तोच हिशेब १० आणि ८ टक्क्यांनीही करा: 1.12 च्या जागी 1.10 टाकल्यावर ७२.४ लाख येतात, 1.08 टाकल्यावर ५७.३ लाख. शेवटच्या वर्षीच्या पडझडीने २० वर्षांत भरलेल्या हप्त्यांवरचा वार्षिक परतावा साधारण या ८ टक्क्यांवरच येऊन ठेपतो.