मडक्यांचा फिलर स्लॅब घालताय? या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यात नाशिकमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना स्लॅब किती तापतो हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच हल्ली घर बांधायला काढलं की कुणी ना कुणी फिलर स्लॅब सुचवतं. काँक्रीट वाचतं, खोली थंड राहते आणि खालून मडक्यांची नक्षीही छान दिसते. यातलं बरंचसं खरं आहे, पण कुठे आणि किती, हे न समजता काम केलं की सेंट्रिंग खोलल्यावर पश्चात्ताप होतो.

आधी त्यामागचं कारण पाहू. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबवर भार आला की मधल्या भागात वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट घेतं, ताण सळई घेते. खालच्या थरातल्या काँक्रीटचं काम म्हणजे सळईला धरून ठेवायचं आणि गंजण्यापासून झाकायचं. दोन सळयांच्या मधलं काँक्रीट मात्र तिथे जवळजवळ नुसतं वजन म्हणून बसलेलं असतं. तेवढं काढून त्या जागी हलकी वस्तू ठेवायची, हा फिलर स्लॅब. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात मंगलोरी कौलं घालून हीच पद्धत रुजवली. आपल्याकडे कुंभाराकडून पसरट मडकी करून घेऊन ती उपडी ठेवता येतात. पुढच्या बहुतेक चुका एकाच गोष्टीतून होतात: जिथे काँक्रीटला काम आहे, तिथेही मडकं बसवलं जातं.

मडकं ठरवण्याआधी हिशेब

मखमलाबादकडच्या एका घरातली १० बाय १२ फुटांची खोली उदाहरणाला घेतो. स्लॅब १२५ मिमी, म्हणजे ५ इंच. मडक्याच्या वर किमान ५० मिमी भरीव काँक्रीट हवंच, कारण दाब घेणारा थर तोच. म्हणजे मडक्याची उंची ७५ मिमीच्या वर जाता कामा नये. बाजारातला माठ किंवा नेहमीचं बोळकं इथे चालत नाही. उंची आणि तोंडाचं माप लिहून देऊनच ऑर्डर द्यावी लागते, आणि पावसाळ्यात भट्ट्या थंडावण्याआधी द्यावी लागते. पहिली चूक इथेच होते. मडकी उंच निघतात आणि मिस्त्री म्हणतो, "चालतंय की, वर दीड इंच तर राहतंय." त्या दीड इंचात वरची जाळी, तिचं कव्हर आणि एखादा वायरिंगचा पाइप बसवायचा असतो. तो थर मडक्यांच्या ओळीने तडकतो आणि पहिल्याच पावसात छताला गोल गोल ओल दिसते.

या खोलीसाठी मडक्याचं तोंड बाहेरून ७ इंच आणि दर १० इंचांवर एक मडकं धरलं. म्हणजे दोन मडक्यांच्या मधे काँक्रीटची ३ इंचांची पट्टी राहते आणि सळई त्या पट्टीच्या मधोमध जाते. पट्टी यापेक्षा फारशी बारीक करू नका. काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात अशा पट्टीची किमान रुंदी ६५ मिमी दिली आहे.

कडेने चारही बाजूंनी एक फूट भाग भरीव सोडला. हे सोडणं ऐच्छिक नाही. स्लॅब बीमवरून पुढच्या खोलीत सलग जात असेल, तर बीमजवळ सगळं उलटं होतं: ताण वर जातो आणि दाब खाली येतो. तिथे मडकं घातलं तर नेमकं दाब घेणारं काँक्रीटच काढून टाकलं जातं. शिवाय भिंतीजवळ कातरणारा जोरही सर्वांत जास्त असतो. त्यामुळे बाल्कनी आणि छज्जा यांच्या स्लॅबमध्ये मडकं अजिबात नको. पाण्याच्या टाकीखाली आणि वर भिंत येणार असेल त्या रेषेतही नको.

आता उरलेल्या ८ बाय १० फुटांत ९ आणि १२ च्या ओळींत १०८ मडकी बसतात. मडक्याचा आकार खोलगट, त्यामुळे एकेक जवळपास १.३ लिटर काँक्रीटची जागा घेतं. १०८ मडक्यांची मिळून १४० लिटर. अख्ख्या स्लॅबचं काँक्रीट सुमारे १,३९० लिटर. म्हणजे बचत १० टक्के, आणि सिमेंटमध्ये सांगायचं तर एका गोणीहून थोडं जास्त. १५ ते २५ टक्क्यांचे जे आकडे ऐकायला मिळतात, ते मोठ्या खोलीच्या मधल्या भागाला लागू पडतात. लहान खोलीत भरीव कडाच बरीच जागा खाते. मडकी आणायची, भिजवायची, मांडायची मजुरी धरली तर १० बाय १२ च्या खोलीत पैशाची बचत फारशी उरत नाही. ठेकेदार मोठी बचत सांगत असेल तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

बचत हाच मुख्य हेतू असेल तर पोकळ मातीचे ब्लॉक जास्त कामाचे. चौकोनी असल्यामुळे ते जागा भरून घेतात. ४०० बाय २०० बाय १०० मिमीचा ब्लॉक १५० मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये, ७५ मिमीच्या पट्ट्या सोडून बसवला, तर मधल्या भागात १२५ मिमीच्या भरीव स्लॅबपेक्षाही २५ ते ३० टक्के काँक्रीट कमी लागतं. पण सळया मग एका दिशेला एकमेकींपासून जवळजवळ अर्धा मीटर दूर जातात. असा स्लॅब पट्ट्यांचा म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच डिझाइन करायला हवा. साध्या स्लॅबचा नकाशा घेऊन त्यात ब्लॉक घुसवू नयेत. ब्लॉकची उघडी तोंडं आधी मॉर्टरने बंद करा, नाहीतर काँक्रीट आत शिरून सगळी पोकळी भरून टाकतं.

कोरडं मडकं आणि मोठी खडी

याच घरात सेंट्रिंग खोललं तेव्हा मधल्या तीन ओळींत, मडक्यांच्या कडेने काँक्रीट खडबडीत, भोकाभोकांचं निघालं. एका ठिकाणी तर हातभर सळई उघडी दिसत होती. कारणं दोन होती. मडकी मेच्या उन्हात कोरडीच मांडली होती, आणि काँक्रीटमध्ये नेहमीची २० मिमी खडी होती.

भाजलेली माती पाणी ओढते. कोरड्या मडक्याला काँक्रीट लागलं की त्याच्या भोवतीचं पाणी मडकं पिऊन टाकतं, काँक्रीट तिथेच घट्ट होतं आणि पट्टीत खाली उतरत नाही. म्हणून मडकी आदल्या दिवशी हौदात बुडवून ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की ती भरली असं समजा. मांडताना अंग ओलसर हवं, पण पाणी निथळत असू नये. मांडून झाल्यावर काँक्रीट यायला उशीर झाला तर पुन्हा हलका फवारा मारा. खडी १० ते १२ मिमीचीच घ्या. ३ इंचांच्या पट्टीत सळई, तिच्या दोन्ही बाजूंना थोडीशी जागा आणि त्यातून २० मिमीची खडी उतरवायची, हे जमत नाही. व्हायब्रेटरची सुईही २५ मिमीची बारीक घ्या. ती मडक्याला न टेकवता पट्टीतच सोडा, कारण टेकली की मडकं फुटतं किंवा सरकतं.

असं भोकाभोकांचं काँक्रीट दिसलं की मिस्त्री लगेच गिलाव्याची थापी घेतो. त्याला थांबवा. आधी छोट्या हातोडीने ठोकून पाहा. चांगला भाग खणखणीत वाजतो, पोकळ भाग बद्द आवाज देतो. खडबडीतपणा वरवरचाच असेल आणि सळई झाकलेली असेल, तर सुटी खडी काढून, ब्रशने घासून, पाणी मारून पॉलिमर मिसळलेल्या १:३ मॉर्टरने भरता येतं. सळई उघडी असेल किंवा पोकळी पट्टीच्या लांबीने पसरलेली असेल, तर हात लावण्याआधी इंजिनिअरला बोलवा आणि तोवर टेकू परत लावून घ्या. त्या घरात तीनपैकी एका ओळीचं काम असंच मायक्रोकाँक्रीट भरून करावं लागलं.

मांडणी

मडकं खरेदी करताना उपडं ठेवून त्यावर एका माणसाला उभं राहू द्या. स्लॅबच्या दिवशी पाय पडणारच आहे, त्यामुळे तिथे तडकणारं मडकं आत्ताच परत गेलेलं बरं. चालायला फळ्या टाका, घमेलेवाले मडक्यांवरून जायला नकोत. मडक्याची कड सेंट्रिंगवर घट्ट बसायला हवी. फट राहिली तर सिमेंटचं पाणी आत शिरतं, खालून चट्टे दिसतात आणि मडकी डागाळतात. कडेला पातळ मॉर्टरची रेघ ओढली की फट बंद होते आणि मडकं जागेवरून हलतही नाही.

सळई बांधणारा ती हमखास मडक्याला टेकवतो, कारण ते सोपं पडतं. सळई आणि माती यांच्यामध्ये काँक्रीट राहिलं नाही तर ओल माती सळईपर्यंत नेते आणि गंज तिथूनच धरतो. दर पट्टीत सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक घाला, आणि काँक्रीट ओतायच्या आधी एकदा वाकून प्रत्येक ओळीत नजर टाका. सळई पट्टीच्या मधोमध असायला हवी.

इलेक्ट्रिशियनला आधीच नकाशा द्या. पाइप मडक्यांवरून नेला की वरचा ५० मिमीचा थर अर्धाच उरतो. एखादी ओळ मडक्यांविना सोडून पाइप तिथून न्यावेत. पंख्याच्या हुकाच्या जागीही एक मडकं कमी करून ती जागा भरीव ठेवा.

थंडाव्याची अपेक्षा

वरच्या हिशेबात अजून एक आकडा दडलेला आहे. १०८ मडक्यांची तोंडं मिळून छताचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापतात. उरलेला पाऊण भाग भरीव काँक्रीटच आहे, आणि उष्णता तिथून सरळ खाली येते. मडकी उपडी आणि खालून उघडी असल्यामुळे त्यातली हवाही पूर्ण कोंडलेली नसते. म्हणजे फिलरने फरक पडतो, पण दुपारची खोली नुसत्या मडक्यांनी थंड होईल असं धरून चालू नका. वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर किंवा सूर्याची उष्णता परतवणारा पांढरा रंग लागेलच. वॉटरप्रूफिंगही वेगळं करावं लागतं, मडकं गळती थांबवत नाही.

जुन्या भरीव स्लॅबला उष्णतेचा त्रास असेल तर स्लॅबवर उपडी मडकी मांडून वर चुन्याचा किंवा मॉर्टरचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. त्यात मडकी जवळजवळ पूर्ण गच्ची झाकतात. पण स्लॅबवर कायमचं वजन वाढतं, त्यामुळे इंजिनिअरने तपासल्याशिवाय तेही करू नका.

खालून गिलावा करणार असाल, तर काँक्रीट ओतायच्या आधी टेप पसरून, दोन भिंतींपासूनच्या मापांसह मडक्यांचे फोटो काढून ठेवा. नंतर पडद्याचा रॉड किंवा झोपाळ्याचा हुक लावताना ड्रिल मडक्यात गेलं तर अँकर धरत नाही, आणि पट्टीत सळईवर गेलं तर त्याहून वाईट. झोपाळा तर त्या एक फुटाच्या भरीव कडेला किंवा बीमलाच टांगा.