टीव्ही कास्टिंगच्या लिस्टमध्ये दिसत नाही? या चुका टाळा

आपल्याकडं जुळे सोलापूरकडच्या दुमजली घरांत हा प्रकार फार बघायला मिळतो. खाली हॉलमध्ये फायबरवाल्याचा राउटर, वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून वायर टाकून दुसरा राउटर, आणि दोन्हीला नाव-पासवर्ड सेम. मग वरून आणलेला फोन खाली सोफ्यावर बसूनपण वरच्याच राउटरला धरून बसतो, कास्टचं बटण दाबलं की नुसतं शोधतंय शोधतंय, आणि लोक टीव्हीला शिव्या घालतात.

पहिली चूक म्हणजे वायफायचं नाव एक म्हणजे नेटवर्क एक असं धरून चालणं. नाव बघू नका, आयपी बघा. फोनमध्ये त्या वायफायवर टॅप केलं की दिसतो, टीव्हीत नेटवर्क स्टेटसमध्ये. समजा टीव्हीचा 192.168.1.7 आणि फोनचा 192.168.0.105 निघाला, तर पहिले तीन आकडे जुळत नाहीत, म्हणजे घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत. कास्ट करताना फोन अख्ख्या नेटवर्कला एक हाक मारतो, 'कोण टीव्ही आहे का', आणि ही हाक (mDNS म्हणतात त्याला) राउटर ओलांडून पलीकडं जातच नाही. म्हणून यूट्यूब दोन्हीकडं मस्त चालतं, पण टीव्ही लिस्टमध्ये येत नाही. नेट चालतंय म्हणजे कास्टपण चालणार, असं काही नसतंय.

हे होतं कारण खालून आलेली वायर वरच्या राउटरच्या WAN पोर्टात घातलेली असते. आधी ती वायर काढा, वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा LAN आयपी 192.168.1.2 करा (हा दुसऱ्या कशाला दिलेला नाही ना ते बघून), DHCP बंद करा, आणि मगच वायर LAN पोर्टात लावा. राउटरला Access Point मोड असेल तर एवढी खटपट नको, तोच लावा. नंतर फोनचं वायफाय बंद-चालू करा, आयपी 192.168.1 नं सुरू झाला की काम झालं.

आयपी जुळूनही दिसत नसेल तर फोन किंवा टीव्ही गेस्ट वायफायवर आहे का बघा, तिथं एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसू नये अशीच सोय असते. VPN चालू असेल तर तोपण बंद करा. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झचा मात्र उगाच बाऊ करतात लोक, राउटर एकच असेल तर सहसा दोन्ही एकाच नेटवर्कात असतात.

आणि पाहुण्यांसमोर लगेच फोटो दाखवायचेत, राउटर उघडत बसायला वेळ नाही, तर मिराकास्टवालं स्क्रीन मिररिंग वापरा, फोन आणि टीव्ही दोन्हीत सोय असेल तर. ते फोन ते टीव्ही थेट जोडतं, मधे राउटर लागतच नाही, फक्त फोन टीव्हीच्या जवळ ठेवा, वरच्या मजल्यावरून करायला गेलात तर अडकत अडकत चालेल.