रव्याच्या लाडवांपासून मॅट्रिक्सच्या गुणाकारापर्यंत

पहिल्या वर्षाच्या वर्गात मॅट्रिक्सची बेरीज कुणालाही अडत नाही. अडचण गुणाकाराला येते. आडवी ओळ घ्यायची, उभ्या स्तंभावर ठेवायची, जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज करायची, हे ऐकून विद्यार्थी विचारतो, "असं का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फळ्यावर नियम लिहिण्याआधी द्यावं, आणि त्यासाठी किराणा मालाची यादी पुरते.

पदार्थ दोनच घ्या. एका घाण्याला किती किलो साहित्य लागतं, ते मांडा:

| | रवा | साखर | तूप |
|---|---|---|---|
| रवा लाडू | १ | ०.७५ | ०.५ |
| शिरा | ०.५ | ०.५ | ०.५ |

दुसऱ्या तक्त्यात दर, रुपये प्रतिकिलो. आकडे उदाहरणापुरते आहेत:

| | वाणी | बाजार |
|---|---|---|
| रवा | ४८ | ४० |
| साखर | ४८ | ४४ |
| तूप | ६४० | ६५६ |

आता मॅट्रिक्स हा शब्दही न उच्चारता विचारा: वाण्याकडून सामान आणलं तर लाडवाचा एक घाणा कितीला पडेल? विद्यार्थी आपसूक ४८ + ३६ + ३२० = ४०४ करतात. त्यांनी पहिल्या तक्त्याची ओळ दुसऱ्याच्या स्तंभाशी गुणलेली असते. बेरीज का, हेही इथेच कळतं: रवा, साखर आणि तूप यांचे पैसे एकाच बिलात जातात. चारही उत्तरं काढून घ्या:

| | वाणी | बाजार |
|---|---|---|
| रवा लाडू | ४०४ | ४०१ |
| शिरा | ३६८ | ३७० |

लाडू बाजारात स्वस्त पडतात, शिरा वाण्याकडे. बाजारात रवा-साखर स्वस्त आहे पण तूप महाग, आणि शिऱ्यात तुपाचा वाटा मोठा. दर असे मुद्दाम निवडावेत. एकच दुकान तिन्ही साहित्यांत स्वस्त असलं, तर विद्यार्थी दरांचा तक्ता पाहूनच उत्तर सांगतात आणि गुणाकाराची गरज त्यांना जाणवत नाही.

मग उत्तराच्या तक्त्याकडे बोट दाखवून विचारा, साहित्य कुठे गेलं? ओळींवर पदार्थ उरले, स्तंभांवर दुकानं. मधलं साहित्य बेरजेत विरून गेलं. हे नजरेत भरल्यावरच `c_ij = Σ_k a_ik b_kj` लिहावं. `i` म्हणजे पदार्थ, `j` म्हणजे दुकान आणि विरणारा `k` म्हणजे साहित्य. पहिल्याचे स्तंभ आणि दुसऱ्याच्या ओळी सारख्या का हव्यात, हे मग वेगळं पटवावं लागत नाही.

पुढे ऑर्डर घ्या: लाडवांचे २ घाणे, शिऱ्याचा १. हिशोबाचे दोन रस्ते आहेत. आधी सामान काढलं तर रवा २.५, साखर २, तूप १.५ किलो; वाण्याकडे १२० + ९६ + ९६० = ११७६. आधी घाण्याचा दर काढला तर २ × ४०४ + ३६८ = ११७६. ऑर्डरला `O`, साहित्याच्या तक्त्याला `A` आणि दरांच्या तक्त्याला `P` म्हटलं, तर `(OA)P = O(AP)` ते हेच. इथे घाई करू नका. दोन्ही रस्ते विद्यार्थ्यांनी स्वतः हाताने करावेत.

सर्वांत जास्त चुका एककांत होतात. कुणी तूप ५०० ग्रॅम लिहितो आणि दर किलोचाच ठेवतो. लाडवाच्या एका घाण्यात तुपाचेच ३,२०,००० रुपये येतात. म्हणून प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर एकक लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. दुसरी चूक म्हणजे वाटखर्चाचे ३० रुपये प्रत्येक घाण्याच्या दरात मिळवणं. घाणे दुप्पट केले की साहित्य दुप्पट होतं, पण फेरी एकच राहते. दुप्पट न होणारा असा खर्च या गुणाकारात बसत नाही, तो शेवटी वेगळा मिळवावा.

क्रमाचा मुद्दा याच आकड्यांवर फार चांगला उतरतो. दरांचा तक्ता आधी आणि कृतींचा नंतर ठेवून गुणायला सांगा. दुकानं दोन, पदार्थही दोन, त्यामुळे मापं जुळतात आणि ३ × ३ चं उत्तर निघतं. त्यातला पहिल्या ओळीतला दुसरा आकडा काढून घ्या: ४८ × ०.७५ + ४० × ०.५ = ५६. आता विचारा, हे ५६ रुपये कशाचे? रव्याचा दर साखरेच्या वजनाला गुणला गेलाय. माप जुळलं, पण मधल्या नावांपैकी एक दुकान आहे आणि दुसरं पदार्थ. मधल्या दोन नावांचा अर्थ एकच आहे का, हे आकडेमोडीआधी तपासायला इथून शिकवावं. गृहपाठात दुकानं तीन करून हाच गुणाकार पुन्हा मांडायला द्या. या वेळी तो मापावरच अडेल.