नाताळच्या पार्टीत विभागप्रमुख समोर आले तर

स्टुटगार्टला येऊन मला चौदा वर्षं झाली. दर डिसेंबरला वाइनाख्ट्सफायर असते, म्हणजे कंपनीची नाताळची पार्टी, आणि दर वर्षी आपली नवीन मुलंमुली कोपऱ्यातल्या एका उंच टेबलाभोवती जमून मराठीत बोलत उभी राहतात. मला ते बघवत नाही. एरवी ज्यांच्या भेटीसाठी महिनाभर आधी वेळ मागावी लागते, ते त्या संध्याकाळी तुमच्यापासून पाच पावलांवर उभे असतात.

आधी वेळेचं. सहाचं बोलावणं असेल तर सहालाच पोहोचा. तेव्हा माणसं थोडी असतात आणि वरिष्ठ मोकळे सापडतात. आठ वाजले की त्यांच्याभोवती कडं तयार होतं.

ग्लास डाव्या हातात धरा, नाहीतर ऐन वेळी गार, ओला हात पुढे करावा लागतो. हात आधी वरिष्ठ पुढे करतात, आपण थांबायचं. मात्र हात मिळवताना नजर वर हवी. मोठ्यांसमोर डोळे खाली ठेवणं हा आपल्याकडे मान असतो, इथे तो आत्मविश्वासाचा अभाव वाटतो. ग्लासला ग्लास लावतानाही डोळ्यांत बघतात. दारू घेत नसाल तर तसं सरळ सांगा, एकदा नाही म्हटलं की सहसा पुन्हा आग्रह होत नाही.

‘सर’, ‘मॅडम’ विसरा. ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव, आणि बोलताना ‘झी’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. ‘डू’ म्हणजे ‘तू’ म्हणायची सुरुवात वरिष्ठांकडून व्हायची असते. आता पुष्कळ कंपन्यांत सगळेच एकमेकांना डू म्हणतात, त्यामुळे आजूबाजूचे काय म्हणतात ते आधी ऐका. पार्टीत रंगात आल्यावर कोणी डू देऊ केलं, तर सोमवारी ते स्वतः काय म्हणतात ते बघून तसं बोला.

धडधड होते ती पहिल्या वाक्यासाठी. म्हणून पहिली दोन-तीन वाक्यं जर्मनमध्ये घरीच मोठ्याने म्हणून ठेवा, पुढे इंग्रजी चालतं. गेल्या वर्षी आमच्या ओळखीची एक मुलगी थेट विभागप्रमुख बाईंसमोर गेली. नाव सांगितलं आणि म्हणाली, “मी ब्रेकच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या बघते. सप्टेंबरपासून आम्ही त्या रात्री चालवतो, त्यामुळे सकाळी निकाल हातात असतो. तुमच्याकडे येणाऱ्या अहवालात हा फरक दिसतो का?” बाईंनी उलट विचारलं, “रात्री चाचणी मध्येच अडकली तर?” ती म्हणाली, “आत्ता ते सकाळीच कळतं. तेवढी उणीव आहे.” बाई तिथेच थांबल्या आणि पुढची पाच मिनिटं त्या उणिवेवरच बोलणं झालं. आपलं काम एका ठोस बदलातून सांगायचं, आणि प्रश्न असा विचारायचा की त्याचं उत्तर त्यांच्याच जागेवरून दिसतं. पगार, बढती, कॉन्ट्रॅक्ट वाढवणं हे विषय तिथे काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका संचालकांना मी बोलता बोलता म्हणालो, “हो हो, सोमवारी पाठवतो.” एका तुलनेचा तक्ता होता. आपल्याकडे असं ‘पाठवतो’ म्हणजे बोलणं गोड संपवण्याची रीत असते, समोरचाही ते मनावर घेत नाही. मी विसरलो. त्यांनी सोमवारी वाट पाहिली, मंगळवारीही पाहिली. फेब्रुवारीत त्यांच्या नव्या प्रकल्पासाठी माणसं निवडताना माझं नाव निघालं, तेव्हा “त्याच्या शब्दावर विसंबता येत नाही,” एवढंच ते म्हणाले. त्या प्रकल्पात शिरायला मला तीन वर्षं लागली. म्हणून कळवळून सांगतो, वरिष्ठांसमोर ‘हो’ तोंडातून काढण्याआधी थांबा. प्रश्न कळला नसेल तर पुन्हा विचारा, मान डोलावू नका. आपली ती आडवी डोलणारी मान इथे कित्येकांना ‘नाही’ वाटते. नुसतं “बघतो” म्हणायचं असेल तर तसंच म्हणा. आणि वार सांगितलात तर त्या वारी दुपारच्या आत मेल गेलीच पाहिजे, काम अर्धं असलं तरी, “उरलेलं गुरुवारी देतो” असं लिहून.

निघायचं कधी? त्यांची नजर तुमच्या खांद्यापलीकडे दुसऱ्यांदा गेली की. “तुम्हाला अजून बऱ्याच जणांना भेटायचं असेल. श्योनन आबेंट नोख,” म्हणजे पुढची संध्याकाळ छान जावो, एवढं म्हणून बाजूला व्हा. मग बाहेर जाऊन फोनमध्ये लगेच लिहून ठेवा, काय कबूल केलं आणि कोणत्या वारी.